‘येतो’ म्हणून निघालेले मास्तर



आमच्या शाळेतील गणिताचे एक शिक्षक येत्या कार्तिकात चौदा महिन्यांच्या बिनपगारी रजेवर निघत आहेत. नर्मदेची परिक्रमा पायी करावयाची, असा त्यांचा संकल्प आहे. त्यांना शाळेत सारेच ‘मास्तर’ म्हणतात. आपणही तसेच म्हणू. मास्तरांना निरोपादाखल चार ओळी लिहून वाचाव्यात, असे काम शिक्षकवर्गाने माझ्यावर सोपविले. त्या चार ओळींना मला तीन आठवडे लागले. का लागले, ते आज सांगावयाचे आहे.

पहिला मसुदा मी एका बैठकीत उतरविला होता. मास्तर वक्तशीर होते, त्यांचा फळा देखणा असे, मुलांना ते हवेसे वाटत, असे सारे यथासांग लिहून झाले. रात्री घरी तो वाचून दाखविला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “ते केव्हा वारले?” मी कागद पुन्हा पाहिला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘होते’ आणि ‘असत’ हजर होते. निरोपाच्या भाषणांचा आपल्याला एवढा सराव झालेला असतो की, माणूस रजेवर निघाला तरी लेखणी आपोआप भूतकाळात शिरते. सेवानिवृत्तीचे मानपत्र आणि शोकसभेतील भाषण यांत पुष्कळदा फरक एवढाच असतो की, पहिल्या प्रसंगी हार ज्याचा तो काढून ठेवतो.

या बाबतीत आपली भाषा आपल्याहून शहाणी आहे. मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आणि घरातले ‘जा’ न म्हणता ‘ये’ किंवा ‘या’ म्हणतात. बांगडी फुटली असे न म्हणता ती वाढली म्हणावयाचे, तशातलाच हा प्रकार. गणपतीला पोहोचवितानाही पुढच्या वर्षी लवकर येण्याचे वचन आपण त्याच्याकडून मोठमोठ्याने ओरडून घेतो. प्रवासाला निघालेल्याच्या हातावर दही घालतात, आणि तो दाराबाहेर पडल्यावर लगेच केर काढीत नाहीत. इंदूरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आमची मराठी घरे बोलण्यात अर्धी हिंदी झाली आहेत. ‘येतो’ हा शब्द मात्र अजून कोणी सोडलेला नाही.

मला ही भाषा एवढी का बोचली, त्याला कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी, दुसऱ्या एका शाळेत मी नोकरीस असताना वडिलांच्या आजारपणासाठी सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली होती. सहकाऱ्यांनी मोठ्या प्रेमाने समारंभ केला. शाल दिली, श्रीफळ दिले, आणि एक भिंतीवरचे घड्याळ दिले. घड्याळावर माझे नाव कोरलेले होते, आणि नावाखाली ‘सेवाकाळ’ म्हणून दोन वर्षे घातली होती: रुजू झालो ते वर्ष आणि चालू वर्ष. मी हसून ते घेतले. सहा महिन्यांनी परत गेलो, तो माझ्या कपाटाला दुसरे कुलूप होते, माझ्या खुर्चीवर दुसरे गृहस्थ होते, आणि माझा तास कोणता हे कोणालाच सांगता येत नव्हते. कोणाच्या मनात वाईट मुळीच नव्हते. त्यांनी मला एकदा रीतसर निरोप दिला होता, आणि निरोप दिलेला माणूस परत आला की त्याचे काय करावयाचे, याची रीत कोणाला ठाऊक नव्हती. ते घड्याळ आमच्याकडे अजून चालते. सेवाकाळापुढचे दुसरे वर्ष मी एका रात्री चाकूने खरवडून काढले आहे.

म्हणून यंदा लिहिण्याआधी मी ठरविले की, मास्तर नेमके कशावर निघाले आहेत हे आधी समजून घ्यावयाचे. शाळेच्या कचेरीत बडे बाबूंपुढे जाऊन बसलो. त्यांच्या भाषेत या रजेचे नाव ‘असाधारण अवकाश’ असे आहे. केंद्र सरकारचे रजेचे नियम आहेत, तसे मध्य प्रदेशाचेही आहेत. दोहोंची ठेवण बहुतांशी सारखी आहे. दुसरी कोणतीही रजा शिल्लक नसेल, अथवा शिल्लक असूनही कर्मचाऱ्याने लेखी मागणी केली असेल, तर ही रजा देता येते. तिच्या काळात वेतन नाही. मात्र कायम नोकरी असलेल्याचा आपल्या पदावरील हक्क तुटत नाही. त्याच्या जागी अतिथी शिक्षक येऊन तास घेईल, जागा मात्र रजेवर गेलेल्याचीच राहील. सलग पाच वर्षांहून अधिक काळ कोणालाही कोणतीच रजा द्यावयाची नाही, अशी वरची मर्यादा आहे. परिक्रमेचा परंपरेने सांगितलेला काळ तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस एवढा आहे. तो त्या मर्यादेत आरामात बसतो, हे ऐकून मला उगाचच बरे वाटले.

बाबूंनी हजेरीपुस्तक उघडून दाखविले. मास्तरांचे नाव त्यातून निघणार नाही. चौदा महिने, दर महिन्याच्या पानावर, त्याच क्रमांकावर ते लिहिले जाईल आणि पुढील रकान्यांत ‘असाधारण अवकाश’ अशी नोंद पडेल. बाबू कविता वाचणारे गृहस्थ नव्हेत. पण दर महिन्याच्या पहिल्या तारखेस कोणीतरी मास्तरांचे नाव स्वहस्ते लिहिणार, याहून चांगला निरोप मला आजवर सुचलेला नाही.

याची किंमतही त्यांनी सांगितली. रजा आजारपणासाठी असती, किंवा उच्च तांत्रिक शिक्षणासाठी असती, तर गोष्ट निराळी होती. परिक्रमा हे नियमांच्या दृष्टीने खाजगी कारण. तेव्हा हे चौदा महिने वेतनवाढीसाठी धरले जाणार नाहीत आणि निवृत्तिवेतनाच्या हिशेबातही येणार नाहीत. मास्तर जुन्या निवृत्तिवेतनातले आहेत, सेवा संपावयास फार वर्षे उरलेली नाहीत. म्हणजे आज सोडलेला पगार हे नुकसान एकदाचे, पण वेतनवाढीचे नुकसान पुढे निवृत्तिवेतनातही थोडेथोडे झिरपत राहणार. त्यांनी हे सर्व वहीत मांडून ठेवले होते. गणिताचा मनुष्य; शेवटी बेरजेखाली दोन रेघाही ओढल्या होत्या.

एक गोष्ट मात्र त्या वहीत नव्हती, आणि ती मला माझ्या सहा महिन्यांनी शिकविली होती. विम्याचा हप्ता ज्यांच्या पगारातून परस्पर कापला जातो, त्यांचा पगार थांबला की हप्ताही थांबतो. कोणी कळवीत नाही, कारण कोणाची चूक झालेली नसते. मी परत आलो तेव्हा माझी पॉलिसी बंद पडलेली होती. ती पुन्हा सुरू करण्यास थकलेले हप्ते, व्याज आणि डॉक्टरांची तपासणी एवढे सारे लागले. पतपेढीच्या कर्जाचेही तसेच. मी मास्तरांना घेऊन बसलो आणि पगारपत्रकातील कपातीचा एकेक रकाना विचारीत गेलो: हा कोण भरणार? हा? आणि हा? तीन रकाने त्यांच्या मुलाच्या नावावर चढले. सहकाऱ्याला निरोप देताना त्याच्या गुणांची यादी करण्यापेक्षा त्याच्या पगारपत्रकावरून एकदा बोट फिरविणे अधिक उपयोगाचे, असे माझे मत झाले आहे.

अर्जात एक रकाना ‘रजेच्या काळातील पत्ता’ असाही असतो. मास्तरांनी तेथे ‘नर्मदातीर’ असे लिहिले. बडे बाबूंनी तो अर्ज परत केला. मास्तरांनी मग ‘दक्षिण तट, नंतर उत्तर तट’ असे लिहून दिले. तोही परत आला. अखेर रामबागेतील घराचा पत्ता पडला आणि अर्ज वर गेला.

चौदा महिनेच का, याचेही गणित आहे. परिक्रमेची वाट सुमारे सव्वीसशे किलोमीटरांची धरतात. तरुण माणसे दिवसाला वीसपंचवीस किलोमीटर चालतात आणि चार-पाच महिन्यांत परततात. मास्तरांच्या गुडघ्यांनी त्यांना बाराचीच मर्यादा घालून दिली आहे. बाराने सव्वीसशेला भागले की दोनशे सतरा दिवस येतात. सहा दिवस चालून सातवा विसाव्याचा धरला, तर अदमासे अडीचशे. नोव्हेंबरच्या प्रारंभी निघालेला माणूस या चालीने जुलैच्या मध्यापर्यंत येतो. आणि तेथेच आषाढी एकादशी उभी असते. आषाढी ते कार्तिकी हे चार महिने परिक्रमावासीने एके ठिकाणी राहावयाचे, चालावयाचे नाही. म्हणजे सारे सुरळीत झाले तर चातुर्मासाच्या उंबरठ्यावर परिक्रमा पुरी होईल. पंधरा दिवसांचा ताप आला किंवा एक पाय मुरगळला, तर चार महिने वाढतील. म्हणून चौदा. कमी मागून वाटेतून मुदत वाढवीत बसण्यापेक्षा अधिक मागितलेली बरी; कारण मुदत उलटून एक दिवस जरी अधिक राहिला, तरी ती रजा न राहता विनापरवाना गैरहजेरी होते.

उलट बाजूही बाबूंनीच दाखविली. मास्तर जुलैत परत आले तरी दुसऱ्या दिवशी उठून वर्गावर जाता येणार नाही. मंजूर झालेली रजा संपण्याआधी रुजू व्हावयाचे, तर ज्याने रजा मंजूर केली त्याचीच परवानगी लागते. आम्ही तो अर्जही तयार करून ठेवला आहे. तारीख तेवढी कोरी आहे.

पुष्कळांनी मास्तरांना विचारले की, सुट्ट्यांत तुकड्यातुकड्यांनी परिक्रमा का करीत नाही? प्रश्न चुकीचा नाही. जबलपूरचे अमृतलाल वेगड हे चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांनी १९७७ पासून नर्मदेच्या काठाने अशाच टप्प्याटप्प्यांनी पदयात्रा केल्या, रेखाटने केली, आणि त्यांवर लिहिलेल्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बिनपगारी रजेवाचून नर्मदा पाहता येते, याचा तो मोठा दाखला आहे. मास्तर वेगडांना फार मानतात. परंतु त्यांचे म्हणणे असे की, सुट्टीत चालणाऱ्याला परत कधी जावयाचे ते ठाऊक असते. आपल्याला एकदा ते ठाऊक नसताना चालावयाचे आहे. यावर मी वाद घातला नाही. वहीत शेवटी दोन रेघा ओढणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघाले, तेव्हा त्यामागे पुष्कळ काही असणार.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. परिक्रमेचा मुख्य नियम असा आहे की, नदी सदैव उजव्या हाताला ठेवावयाची आणि ती कोठेही ओलांडावयाची नाही. आमच्याकडील बहुतेक लोक ओंकारेश्वराहून निघतात. दक्षिण तटावर गोमुख घाटावर संकल्प सोडावयाचा, कुपीत नर्मदेचे पाणी भरून घ्यावयाचे, आणि पश्चिमेला तोंड करून चालू लागावयाचे. ओंकारेश्वराचे मंदिर नदीतील बेटावर आहे. संकल्पानंतर तेथे जाणे म्हणजे नदी ओलांडणे, म्हणून त्याचे दर्शन परिक्रमा संपल्यावर. दक्षिण काठाने बडवाणी, तेथून सातपुड्यातील शूलपाणीच्या मुलखातून महाराष्ट्राचा कोपरा ओलांडून गुजरात, मग थेट समुद्र. तेथे नावेत बसून मुखाला वळसा घालतात आणि उत्तर तटावर उतरतात. मग पूर्वेकडे, अमरकंटकापर्यंत. आणि उगमाला वळसा घालून पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वरी. धरणांनी ही वाट पुष्कळ बदलली आहे. इंदिरासागराच्या पाण्याखाली २००४ मध्ये हरसूद गाव गेले. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ मध्ये पुरते बंद झाले आणि काठच्या जुन्या पाऊलवाटा पाण्यात राहिल्या. आता पुष्कळ ठिकाणी नदी दिसतही नाही, तिला मैलांचा वळसा घालून जावे लागते.

आता श्रोत्यांनी नकाशा डोळ्यांपुढे आणावा. इंदूर नर्मदेच्या उत्तरेस आहे. मास्तर दक्षिण तटावरून निघणार. म्हणजे ज्या क्षणी त्यांनी संकल्प सोडला, त्या क्षणी त्यांच्या आणि त्यांच्या घराच्या मध्ये नदी आली. मोरटक्क्याचा पूल तेथून जवळच आहे, आम्ही तेवढ्यात बसने पूल ओलांडून घरी येऊ. त्यांना मात्र समुद्राला वळसा घालून आल्यावाचून या काठावर पाय ठेवता येणार नाही. मास्तरांच्या आई शहाऐंशी वर्षांच्या आहेत.

हे कोणी उघड बोलत नव्हते. शिक्षकांच्या खोलीत बोलणे निघाले की सारे भेटवस्तूवर येऊन थांबत. अखेर एका रविवारी मी रामबागेत गेलो आणि त्या माउलीसमोरच विषय काढला. त्यांना तो नवा नव्हता. मायलेकांचे आधीच ठरले होते. त्या म्हणाल्या, “मी पडले, आजारी झाले, तर त्याला कळवायचं नाही. तो तिथून माझी काठी का धरणार आहे?” मी विचारले, “आणि त्याहून अधिक काही झाले तर?” त्यांनी थोडा वेळ वाती वळल्या. मग म्हणाल्या, “मग कळवा. त्याने ठरवावं. पण तुम्ही त्याच्यासाठी ठरवू नका.”

मला वाटते, पहिल्या भागाशी मी सहमत नाही. आजारपण कळवू नये हे मला पटत नाही. माणसाकडून बातमी लपविली की तो दर वेळी फोनवरचा आवाज ताडून पाहू लागतो आणि चांगल्या बातमीवरचाही त्याचा विश्वास उडतो. पण घर त्यांचे, मुलगा त्यांचा. मी एवढेच मान्य करून घेतले की, मास्तरांनी स्वतः होऊन विचारले तर खोटे सांगावयाचे नाही.

भेटवस्तूचा प्रश्न मग सोपा झाला. परिक्रमावासी आपले ओझे आपणच वाहतो. मास्तरांनी झोळी वाण्याच्या काट्यावर नेऊन तोलली होती: कपड्यांचे दोन जोड, कांबळे, ताटली, विजेरी, पाण्याची कुपी, सारे मिळून सहा किलो. गुडघ्यांना अधिक चालणार नाही. शाल, श्रीफळ, घड्याळ, चांदीचे नाणे, सारे बाद. आम्ही त्यांना चौदा पोस्टकार्डे दिली. प्रत्येकावर शाळेचा पत्ता आधीच लिहिलेला आहे, महिन्याला एक. दहावी ‘ब’च्या मुलांनी आपण होऊन प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एकेक उदाहरण घातले आहे. ते सोडवून पाठवावयाचे आहे.

आता मी लिहिलेल्या ओळी वाचतो. चारच्या चौदा झाल्या आहेत. तेवढे क्षम्य मानावे.

“मास्तर, तुम्ही वक्तशीर आहात, तुमचा फळा देखणा असतो, आणि गणिताच्या तासाला तुम्ही मुलांना हवेसे वाटता. हे वर्तमानकाळात लिहिले आहे आणि चौदा महिने ते तसेच राहील.

तुमचे तास अतिथी शिक्षक घेतील. ते तुमच्या खुर्चीवर बसतील, पण ती खुर्ची कोणाची आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगण्यात येईल. हजेरीपुस्तकात तुमचे नाव सातव्या क्रमांकावर आहे. आठवा सातवा होणार नाही.

तुम्ही समुद्राला वळसा घालून उत्तर तटाने परत याल, तेव्हा महेश्वरचा घाट वाटेत येईल. तुमच्याच हिशेबाने तो दिवस माघातला. माघ शुद्ध सप्तमीला रथसप्तमी. त्याच दिवशी नर्मदाजयंती. आम्ही संक्रांतीचा तिळगूळ तोवर ठेवून त्या दिवशी इंदुराहून महेश्वरला येऊ. अंतर नव्वद किलोमीटरांचे आहे आणि वाटेत नदी नाही. तुम्ही दोन दिवस मागे असाल तर आम्ही काठाने तुमच्याकडे चालत येऊ. पुढे गेला असाल तर मंडलेश्वराकडे येऊ. जमले तर तुमच्या आईंना मोटारीतून घेऊन येऊ. त्यांनी ‘बघू’ म्हटले आहे.

मंडलेश्वराजवळ जलूद येथे पाणी उपसण्याची यंत्रे आहेत. १९७८ पासून इंदूरला नर्मदा तेथून घाट चढून येते. तुम्ही तेथून जाल तेव्हा जरा थांबून त्या नळांकडे पाहा. रामबागेत सकाळी जे पाणी येते ते तेच.

बारा किलोमीटरांचा नियम मोडू नका. सोबत तरुण मंडळी भेटतील आणि त्यांच्या उत्साहाने तुम्ही वीस चालाल. मग तीन दिवस पडून राहाल. सरासरी तुम्हीच आम्हाला शिकविता.

परिक्रमा पुरी करून ओंकारेश्वरी कुपीतले पाणी चढविलेत, कढाई केलीत, कुमारिकांना जेवू घातलेत, की आमचे येणे उरते. यात्रेहून आलेल्याने मावंदे घालावयाचे असते. पगार तोवर सुरू झालेला नसेल, हे आम्ही जाणतो; म्हणून स्वयंपाकाचे साहित्य शिक्षकवर्ग आणील. आमंत्रण मात्र तुमच्याकडून हवे.

या, मास्तर.”

पत्र येथे संपते. परवा ते मी त्यांना आधीच दाखविले. समारंभात नवल वाटावे असे त्यात काही नाही. त्यांनी वाचले, चष्मा पुसला, आणि ‘माघातला’ या शब्दाखाली पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घातले. हिशेब पुन्हा तपासावा लागेल, म्हणाले. शूलपाणीच्या चढाला बाराचा दर लागू पडणार नाही.

मग खिशातून कपाटाची किल्ली काढून त्यांनी माझ्या हाती दिली. वरच्या खणात खडूंची पेटी आहे, ओल लागू देऊ नका, आणि दहावीच्या चाचणीच्या वह्या खाली आहेत, त्या तपासावयाच्या राहिल्या आहेत, असे सांगितले. मी विचारले, वह्या अतिथी शिक्षकांकडे देऊ का? ते दारापर्यंत गेले होते. वळून म्हणाले, “सोळा तपासून झाल्या आहेत. उरलेल्या तुम्हीच पाहा. लाल पेनाने नको, पेन्सिलीने. मी आल्यावर एकदा नजर टाकीन.”